घर बदलले की छपाई चुकली? नमुना ८ भरण्याआधीचा प्रश्न



मी महापालिकेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा बरीच वर्षे बीएलओचे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे कामही माझ्याकडे होते. शाळा सुटली की यादीचा गठ्ठा बगलेत मारून वागळे इस्टेटच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, पण शेजारपाजारचे लोक अजून मतदार ओळखपत्रे घेऊन माझ्याकडेच येतात. गेल्या महिन्यात एका रविवारी किसननगरच्या एक खाला अशाच आल्या. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार ओळखपत्रे काढून माझ्यासमोर मांडली आणि म्हणाल्या, "टीचर, चारही कार्डांत काही ना काही गडबड आहे. सायबरवाला म्हणतो, नवीनच काढून घ्या. काढू का?"

मी म्हटले, "खाला, नवीन काढायचे नाही. आधी एकेक कार्ड बघू."

त्या चार कार्डांतच या महिन्याचा विषय आहे. फोटो चुकला, पत्ता चुकला, घर बदलले, लग्न होऊन सासरी आले, या सगळ्यांसाठी आज अर्ज एकच आहे, नमुना ८. पण त्या अर्जात वरच चार चौकटी आहेत आणि त्यातली एकच निवडायची असते. बहुतेक लोकांचे काम अडते ते चुकीच्या चौकटीवर खूण केल्यामुळे, किंवा नमुना ८ ऐवजी नमुना ६ भरल्यामुळे.

जुने विसरा, नवे लक्षात ठेवा

पूर्वी ही विभागणी वेगळी होती. त्याच विधानसभा मतदारसंघात घर बदलले तर नमुना ८अ, दुसऱ्या मतदारसंघात गेलात तर नव्याने नमुना ६, आणि नुसती दुरुस्ती असेल तर नमुना ८. आपल्या घरातल्या मोठ्यांच्या आणि अनेक सायबर कॅफेवाल्यांच्या डोक्यात अजून हेच आहे. १ ऑगस्ट २०२२ पासून हे बदलले. नमुना ८अ बंद झाला. नमुना ६ आता फक्त त्यांच्यासाठी, ज्यांचे नाव देशात कुठल्याच यादीत नाही आणि जे पहिल्यांदा नोंदणी करत आहेत. बाकी सगळे नमुना ८ मध्ये आले.

नमुना ८ च्या चार चौकटी अशा आहेत. पहिली, राहण्याचे ठिकाण बदलले. दुसरी, यादीतल्या नोंदीत दुरुस्ती. तिसरी, दुरुस्ती काही नाही, पण कार्ड हरवले, फाटले किंवा पुरात-आगीत गेले म्हणून बदली कार्ड. चौथी, मतदार दिव्यांग असल्याची नोंद. फोटो आणि पत्त्याचे प्रश्न पहिल्या दोन चौकटींत येतात. त्यातली कोणती आपली, हे ठरवायला स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. मी आहे तिथेच राहते आणि यादीत चुकीचे छापले आहे, की यादीत छापले ते त्या वेळी बरोबर होते पण मी आता तिथे राहत नाही? छापण्यातली चूक असेल तर दुसरी चौकट. घर बदलले असेल तर पहिली. कार्डावरचा पत्ता "चुकीचा" आहे एवढ्यावरून हे कळत नाही, कारण दोन्ही बाबतीत लोक "पत्ता चुकला" असेच म्हणतात.

आता खालांची कार्डे.

पहिले कार्ड : खोली ४१ की १४?

हे कार्ड खालूंचे. पत्ता किसननगर नंबर ३ मधल्या चाळीचा, आणि खोली क्रमांक ४१ ऐवजी १४ छापलेला. खालूंचा आग्रह होता की आधी ४१ करून घ्यावे. ही चूक अनेक वर्षे त्यांना खुपत होती आणि ती छपाईचीच होती. पण मी विचारले, "ती चाळ आज कुठे आहे?" चाळ रिकामी झाली आहे, तिथे पुनर्विकासाचे काम चालू आहे, आणि हे कुटुंब दीड वर्षापासून किसननगर नंबर २ मध्ये भाड्याने राहते. मग ज्या खोलीला आज भिंतीच नाहीत, तिचा क्रमांक दुरुस्त करून काय उपयोग? बीएलओ पडताळणीला त्या पत्त्यावर गेला तर तिथे पत्र्याचे कुंपणच दिसणार. खालूंनी थेट पहिली चौकट भरायची. घर बदलल्याचा अर्ज मंजूर झाला की जुना पत्ता आणि त्यातली चूक दोन्ही एकदमच जातात.

किसननगरसारख्या ठिकाणी या गोष्टीला घाई आहे, म्हणून इथे थोडे थांबते. क्लस्टर योजनेसाठी इमारती रिकाम्या होतात तेव्हा माणसे पांगतात, पण यादीत त्यांचे पत्ते तसेच राहतात. यादीच्या पडताळणीच्या वेळी बीएलओला त्या पत्त्यावर कोणी सापडले नाही, तर तो "स्थलांतरित" असा शेरा मारतो. नाव कमी करण्याआधी मतदाराला नोटीस द्यावी लागते, त्याला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, हा नियम आहे. पण नोटीस जाते यादीतल्या पत्त्यावर, आणि पाडलेल्या चाळीत ती घेणार कोण? मग मतदानाच्या दिवशी केंद्रावर कळते की नाव नाही. तेव्हा हातात कार्ड असले तरी उपयोग नसतो. मतदानाचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो. कार्ड फक्त ओळख पटवते.

काही जण म्हणतात, आम्हाला परत तिथेच घर मिळणार आहे, मग पत्ता कशाला बदलायचा? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात निकष आहे तो "सर्वसाधारणपणे राहण्याचा". एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी धरला जात नाही. उलट काही काळ बाहेर गेला म्हणून त्याचे राहणे तुटतही नाही. महिना-दोन महिने गावी गेलेल्यांनी काहीच करायचे नाही. पण जिथे मुलांची शाळा, गॅस आणि रोजचे येणे-जाणे गेले, आणि जुने घर उभेच नाही, तिथे नव्या पत्त्यावर नाव घेणे हाच सुरक्षित मार्ग. नवे घर मिळाल्यावर पुन्हा नमुना ८ भरता येतो. या अर्जाला शुल्क नाही आणि किती वेळा भरावा याला मर्यादा नाही.

खालूंच्या अर्जात आणखी एक गोष्ट ठरवायची होती, ती म्हणजे नवे घर त्याच विधानसभा मतदारसंघात आहे की बाहेर. पहिल्या चौकटीतच हा प्रश्न येतो. किसननगर ३ आणि किसननगर २ दोन्ही १४७ कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघात, म्हणून "मतदारसंघांतर्गत". पण अंतरावर जाऊ नका. वर्तकनगर इथून फार लांब नाही, तरी ते १४६ ओवळा-माजिवडा मतदारसंघात येते. नव्या इमारतीतल्या एखाद्या शेजाऱ्याच्या कार्डामागे मतदारसंघाचे नाव आणि क्रमांक छापलेला असतो, तो बघितला की काम होते.

दुसरे कार्ड : मुंब्र्याला गेलेला मुलगा आणि दोन नोंदी

खालांचा थोरला मुलगा कुटुंबासह मुंब्र्याला गेला. मुंब्रा १४९ मुंब्रा-कळवा मतदारसंघात, म्हणजे त्याचे स्थलांतर "मतदारसंघाबाहेर". अर्ज तरीही नमुना ८ च, आणि तो द्यायचा नव्या ठिकाणच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे. तिकडे नाव मंजूर झाले की जुन्या ठिकाणचे नाव त्या अर्जावरूनच निघते, आणि कार्डाचा क्रमांक तोच राहतो.

पण या मुलाने सायबर कॅफेतून नमुना ६ भरला होता. नमुना ६ भरताना आपण प्रतिज्ञापत्र करतो की आपण पहिल्यांदाच नोंदणी करत आहोत आणि आपले नाव दुसऱ्या कुठल्या यादीत नाही. मुलाने ते वाचलेच नव्हते. अर्ज मंजूर झाला, मुंब्र्यात नव्या क्रमांकाचे दुसरे कार्ड आले, आणि किसननगरच्या यादीतले जुने नावही तसेच राहिले. खालांना वाटले, दोन कार्डे म्हणजे दुहेरी सोय. वस्तुस्थिती अशी की कायद्याच्या कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचे नाव दोन ठिकाणी किंवा एकाच ठिकाणी दोनदा असू शकत नाही, आणि खोटे प्रतिज्ञापत्र केल्यास कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. न कळत झालेल्या चुकीवर कोणी लगेच पोलीस पाठवत नाही. पण दोन सारखी नावे आणि सारखे फोटो यंत्रणेच्या तपासणीत सापडतात, आणि मग कुठली नोंद निघेल हे आपल्या हातात राहत नाही. मुंब्र्याची काढली जाण्याचीही शक्यता असते.

यावर उपाय नमुना ७. हा नाव कमी करण्याचा अर्ज आहे आणि तो स्वतःच्या नावासाठीही करता येतो. मुलाने किसननगरच्या नोंदीसाठी कोपरी-पाचपाखाडीच्या अधिकाऱ्याकडे नमुना ७ द्यायचा, कारण म्हणून कायमचे स्थलांतर आणि दुसरीकडे नोंद झाल्याचे लिहायचे, आणि मुंब्र्याच्या कार्डाची प्रत जोडायची. अर्जात किसननगरच्या कार्डाचा क्रमांक दोनदा तपासा. घाईत मुंब्र्याचा क्रमांक लिहिला गेला तर चांगली नोंदच निघून जाईल.

तिसरे कार्ड : कल्याणहून आलेली सून

धाकट्या सुनेचे माहेर कल्याणला. तिचे नाव १३८ कल्याण पश्चिमच्या यादीत, वडिलांच्या नावाने. निकाहला तीन वर्षे झाली. इथेही सायबरवाल्याचा सल्ला नमुना ६ चाच होता, आणि इथेही उत्तर नमुना ८, चौकट पहिली, मतदारसंघाबाहेरचे स्थलांतर.

तिला दोन गोष्टी बदलायच्या होत्या, पत्ता आणि नात्यातले नाव, म्हणजे वडिलांच्या जागी पतीचे. एका अर्जात एकच चौकट निवडता येते. म्हणून आधी स्थलांतराचा अर्ज, आणि तो मंजूर होऊन नवा यादी भाग व अनुक्रमांक मिळाला की दुसरा नमुना ८, या वेळी दुरुस्तीची चौकट, नात्याचा प्रकार आणि नातेवाइकाचे नाव. पुराव्याला निकाहनामा किंवा विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडावे. वडिलांचे नाव राहिले तर मतदानाला अडचण नसते, हेही सांगते. ज्यांना ते बदलायचे नाही त्यांच्यावर सक्ती नाही.

तिची खरी अडचण कागदाची होती. नव्या पत्त्याच्या पुराव्यासाठी अर्जात जी यादी दिली आहे, तीत वीज, पाणी किंवा गॅसचे त्या पत्त्याचे किमान वर्षभराचे बिल, आधार कार्ड, बँकेचे किंवा पोस्टाचे चालू पासबुक, पासपोर्ट, जमिनीचा महसुली कागद, नोंदणीकृत भाडेकरार आणि नोंदणीकृत विक्रीखत येते. सुनेच्या नावावर यातले काहीच नव्हते. आधारवर अजून माहेर. लाइट बिल घरमालकाच्या नावावर. भाडेकरार सासऱ्यांच्या नावावर.

नियम असा आहे की कागद स्वतःच्या नावावर नसेल तर आई-वडील, पती किंवा पत्नी, किंवा सज्ञान मुलगा-मुलगी यांच्या नावावरचा चालतो. अट अशी की ती व्यक्ती त्याच पत्त्यावर आधीच मतदार असली पाहिजे. या यादीत सासू-सासरे नाहीत. म्हणजे सुनेला कागद लागणार पतीच्या नावाचा, आणि पती आधी त्या पत्त्यावर मतदार झालेला असला पाहिजे. म्हणून आम्ही क्रम लावला. आधी खालूंचा अर्ज, भाडेकरार जोडून. तो मंजूर झाल्यावर खाला आणि धाकटा मुलगा, खालूंच्या कागदावर. त्याच दरम्यान मुलाने आधारवरचा पत्ता नवा करून घ्यायचा. मग सून, पतीच्या आधारची प्रत जोडून. सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी टाकले असते तर निम्मे परत आले असते.

भाडेकराराबद्दल एक सूचना. आपल्याकडे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार होतो, तो नोंदणीकृत असेल तरच पुरावा म्हणून धरतात. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार पुरावा म्हणून गणत नाहीत. हेवी डिपॉझिटवर राहणारे बरेच जण नोटरीवरच थांबतात. त्यांनी अर्ज करूच नये असे मात्र नाही. यादीतला कुठलाच कागद नसेल तर दुसरा जो असेल तो जोडावा. अशा वेळी बीएलओने घरी येऊन पडताळणी करणे बंधनकारक असते. तो येईल त्या दिवशी घरात कोणीतरी असावे आणि शेजाऱ्यांना तुमचे नाव माहीत असावे, एवढी काळजी घ्या.

चौथे कार्ड : फोटो जावेचा

हे खालांचे स्वतःचे. नाव त्यांचे, पतीचे नाव बरोबर, वयही बरोबर, फोटो मात्र त्यांच्या जावेचा. दोघींचे पहिले नाव एकच. यादीत अनुक्रमांक लागोपाठ. जुन्या काळी मोहिमेत फोटो काढून नंतर संगणकावर जोडताना अशा अदलाबदली होत. खाला हसून म्हणाल्या, "पंधरा वर्षे हिच्याच चेहऱ्यावर मत देत आलेय."

असा फोटो दिसला की दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, चूक फक्त कार्डावर आहे की यादीतही. संकेतस्थळावर मिळणाऱ्या यादीत फोटो नसतात. फोटोसह यादी बीएलओकडे आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर असते. म्हणून बीएलओला विचारा, "माझ्या अनुक्रमांकासमोर कोणाचा फोटो आहे?" दुसरी, आपल्या कार्डावर जिचा फोटो आहे, तिच्या कार्डावर कोणाचा आहे? खालांनी जावेला फोन केला. तिच्या कार्डावर खालांचा चेहरा होता. अशा वेळी एकीचाच अर्ज करून भागत नाही. दोघींनी आपापला स्वतंत्र नमुना ८ द्यायचा, चौकट दुसरी, दुरुस्तीच्या तपशिलात "फोटो". एकीची दुरुस्ती झाली आणि दुसरीची राहिली, तर एकच चेहरा दोन नावांपुढे दिसतो आणि दुहेरी नोंदीचा संशय येतो.

इथे तिसऱ्या चौकटीचा मोह टाळा. "कार्ड बदलून द्या" म्हणजे तिसरी चौकट असे वाटते. पण ती कार्ड हरवणे किंवा खराब होणे यासाठी आहे. ती भरली तर यादीत जो फोटो आहे तोच पुन्हा छापून येईल.

फोटो कसा द्यायचा, हेही अर्जात लिहिलेले आहे. अलीकडचा, रंगीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, समोरून पूर्ण चेहरा दिसणारा, आकार ४.५ × ३.५ सेंटिमीटर. फोटोवर सही करू नये. डोक्यावर ओढणी किंवा हिजाब असायला हरकत नाही, चेहरा मात्र पूर्ण दिसला पाहिजे. नकाब घातलेला फोटो चालत नाही. हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. पडदा पाळणाऱ्या महिलांचे फोटो मतदार यादीत छापू नयेत अशी याचिका तमिळनाडूत झाली, आणि मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये तो मुद्दा मान्य केला नाही. मतदान केंद्रावर मात्र पडदा पाळणाऱ्या महिलांची ओळख महिला कर्मचाऱ्याने आडोशाला पटवावी अशी तरतूद आहे. त्यासाठी महिला कर्मचारी मागायला संकोच करू नका.

खालांचा मधल्या काळातला प्रश्न होता, "दुरुस्ती होईपर्यंत मतदान आले तर?" नाव यादीत असेल तर मतदान करता येते. कार्डावरचा फोटो जुळत नसेल तर निवडणूक आयोगाने मान्य केलेला दुसरा फोटो असलेला कागद न्यावा, जसे आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन कार्ड किंवा फोटो लावलेले बँक-पोस्टाचे पासबुक. नावातला स्पेलिंगचा किरकोळ फरक ओळख पटत असेल तर आड येत नाही. दुसऱ्या मतदारसंघातले जुने कार्डही ओळखीसाठी चालते, फक्त ज्या केंद्रावर मत द्यायचे तिथल्या यादीत नाव हवे.

खालांचे घरही बदलले होते, म्हणून त्यांनाही दोन अर्ज. आधी स्थलांतर, मग नव्या अनुक्रमांकावर फोटोची दुरुस्ती. उलट क्रमाने केले तर दुरुस्तीचा अर्ज जुन्या भागाच्या बीएलओकडे पडताळणीला जाईल आणि त्याला खाला त्या पत्त्यावर सापडणार नाहीत.

अर्ज कुठे, आणि पुढे काय

अर्ज voters.eci.gov.in वर भरता येतो किंवा कागदावर भरून बीएलओकडे, नाहीतर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात देता येतो. आपला बीएलओ कोण हे १९५० या क्रमांकावर विचारता येते. ऑनलाइन अर्जाला २०२५ पासून आधारची ई-स्वाक्षरी लागते, म्हणजे आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आपल्या घरांत इथे दोन अडथळे येतात. मोबाइल नंबर बदललेला असतो, किंवा मतदार यादीत "शेख" एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या. असे अडले तर स्क्रीनशी झगडत बसू नका, कागदी अर्ज द्या. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

अर्ज दिला की संदर्भ क्रमांक किंवा पोच घ्या. ती नसेल तर पुढे काहीच विचारता येत नाही. नंतर अर्जदारांची यादी हरकतींसाठी सात दिवस लावली जाते, बीएलओ पडताळणी करतो आणि अधिकारी निर्णय देतात. अर्ज नाकारला तर कारण विचारून घ्या. बहुतेक वेळा कागद कमी पडलेला असतो आणि नवा अर्ज केला की काम होते. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. मंजूर झाल्यावर नवे कार्ड टपालाने येते, पण मी सर्वांना सांगते की कार्डाची वाट न पाहता संकेतस्थळावर आपले नाव शोधा आणि नवा भाग व अनुक्रमांक लिहून ठेवा.

निवडणूक तोंडावर आल्यावर धावपळ केली तर ती वाया जाते. उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस उलटला की निवडणूक संपेपर्यंत यादीत नाव घालणे, बदलणे, काढणे बंद असते. महापालिकेच्या निवडणुकीत तर त्याहून आधीची तारीख धरली जाते. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांत विभागतो. ठाण्याच्या गेल्या महापालिका निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी घेतली होती. ज्यांनी त्या पावसाळ्यात घर बदलून ऑगस्टमध्ये अर्ज केला, त्यांचे नाव त्या निवडणुकीत जुन्याच प्रभागात राहिले.

खालूंचा अर्ज मंजूर झाला आहे. खालांचे आणि धाकट्या मुलाचे स्थलांतराचे अर्ज परवा दिले. सुनेचा अर्ज मुलाची नोंद येईपर्यंत थांबला आहे. थोरल्याने नमुना ७ भरून आणला होता, आणि त्यात क्रमांक मुंब्र्याच्या कार्डाचा लिहिला होता. सहीच्या आधी नजरेस पडला, म्हणून बरे झाले. जाऊबाई फोटो काढायला अजून गेलेल्या नाहीत. खाला म्हणतात, "तिला म्हटलंय, माझा चेहरा परत दे."

या महिन्यात आपल्या घरातली सगळी कार्डे एकदा समोर मांडा आणि प्रत्येकावर तोच प्रश्न विचारा. घर बदलले, की छपाई चुकली? उत्तर कार्डामागे पेन्सिलीने लिहून ठेवा. तीच तुमची चौकट.